काउंटरच्या कॉम्प्युटरला धक्का न लावता घरून बिलिंग

*नमस्कार. रामबागेत आमचं छोटं क्लिनिक आणि त्याला लागून औषधांचा काउंटर आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर आहे; औषधांच्या काउंटरवरचा आणि माझ्या केबिनमधला कॉम्प्युटर त्यालाच जोडलेले आहेत. रात्री सुदामानगरला घरी गेल्यावर मला दिवसभराचा हिशेब बघायचा असतो, आणि मुनीमजींना महिनाअखेर त्यांच्या घरून नोंदी तपासायच्या असतात. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, राउटरमध्ये पोर्ट उघडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. भाचा म्हणतो, ॲनीडेस्क टाका. पेशंटची नावं, फोन नंबर, तपासण्या, सगळं त्यात आहे, म्हणून मन धजावत नाही. हे सुरक्षितपणे करता येईल का, आणि काय काय लागेल, ते सविस्तर कळवावं.*

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

करता येईल, आणि त्यासाठी फार मोठा खर्चही नाही. पण सुचवलेले दोन्ही मार्ग मी तुमच्याकडे करणार नाही. का नाही ते आधी सांगतो, कारण मी गेल्यावर सॉफ्टवेअरवाले पुन्हा तोच आग्रह धरतील आणि तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

पोर्ट म्हणजे बाहेरून कॉम्प्युटरपर्यंत यायचं एक क्रमांकाचं दार. ते उघडायचं म्हणजे बहुधा 3389. दूरच्या कॉम्प्युटरवर घरबसल्या काम करू देणारी विंडोजची सोय, रिमोट डेस्कटॉप, त्यावर चालते. राउटरमध्ये हे दार उघडलं की तुमच्या रिसेप्शनच्या कॉम्प्युटरची लॉगिनची पाटी जगात कुणालाही दिसू लागते. इंटरनेटवरचे सगळे पत्ते सतत चाळणारी यंत्रणा आहे. क्लिनिक छोटं आहे, आमच्याकडे कोण येणार, हा हिशेब तिथे चालत नाही, कारण निवड माणूस करत नसतो. पोर्टचा आकडा बदलून 3390 किंवा 50000 केला तरी चाळणारा तो शोधून काढतो. काही सॉफ्टवेअरवाले याहून वाईट करतात. ते थेट डेटाबेसचं पोर्ट उघडतात, एसक्यूएल सर्व्हरचं 1433, आणि त्यामागे `sa` या मालक-खात्याचा पासवर्ड त्यांच्या सगळ्या ग्राहकांकडे एकच असतो.

असं उघडं पोर्ट असलेल्या एका नर्सिंग होममध्ये मला बोलावलं होतं. तक्रार एवढीच होती की रोज सकाळी काउंटरवरच्या ताईंना लॉगिनच होत नाही, खातं लॉक झालेलं असतं. सगळ्यांचा समज असा की कीबोर्डची एखादी कळ अडकते. मी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्यातला Security लॉग पाहिला, तर 4625 या क्रमांकाच्या नोंदींची रांगच लागली होती. 4625 म्हणजे फसलेलं लॉगिन. प्रत्येक नोंदीत वापरून पाहिलेलं नाव असतं: `administrator`, `admin`, `user`, `test`, `reception`, `tally`. रात्रभर कुणीतरी नावं आणि पासवर्ड लावून बघत होतं, आणि `reception` हे खातं तिथे खरोखर होतं, म्हणून सकाळी ते लॉक मिळत होतं. पासवर्ड लागला नाही, हे त्यांचं नशीब. लागला असता तर पुढचा ठरलेला क्रम असा असतो: आत येऊन अँटीव्हायरस बंद करायचा, जोडलेल्या डिस्कवरचे बॅकअप पुसायचे आणि मग सगळ्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणीची चिठ्ठी ठेवायची.

लॉगिनचं खातं लॉक होणं हे म्हणूनच नेहमी तपासावं. कीबोर्ड बदलून पाहण्याआधी लॉग पाहावा.

आता ॲनीडेस्क. हे साधन वाईट नाही, पण तुमच्या कामाला ते बसत नाही. तिथे तुम्हाला दिसतो तो काउंटरचाच पडदा. तुम्ही घरून जमा रकमेचा रिपोर्ट उघडलात की तोच रिपोर्ट क्लिनिकमध्येही उघडतो, आणि समोर उभ्या पेशंटला तुमचा दिवसभराचा गल्ला दिसतो. ताई बिल करत असतील तर माउस दोघांच्या ओढाताणीत सापडतो. शिवाय कुणी समोर नसताना जोडता यावं म्हणून कायमचा पासवर्ड ठेवावा लागतो, आणि तो आज मुनीमजींना, उद्या सॉफ्टवेअरवाल्यांना असा हातोहात फिरतो. एकच पासवर्ड सगळ्यांकडे असला की नेमकं कोण आत आलं हे नंतर सहज कळत नाही. फुकट आवृत्ती फक्त घरगुती वापरासाठी आहे, ही आणखी एक अडचण.

मग विंडोजचं रिमोट डेस्कटॉप वापरावं, फक्त पोर्ट न उघडता, असं वाटेल. दिशा बरोबर आहे, पण इथे एक खोच आहे आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. साध्या विंडोजवर, म्हणजे सर्व्हर नसलेल्या, एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुम्ही घरून रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर शिरलात की तिथला पडदा लॉक होतो. समोर पेशंट उभा, बिल अर्धवट, आणि ताईंना पासवर्ड टाकून तुम्हाला बाहेर काढावं लागतं. यावर उपाय म्हणून विंडोजची फाइल बदलून एकाच वेळी दोघांना बसू देणारी जुगाडं मिळतात. ती परवान्यात बसत नाहीत, आणि एखाद्या अपडेटनंतर अचानक चालेनाशी होतात. ती नकोत.

म्हणून माझा आराखडा असा आहे: रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला बाहेरच्या कामात ओढायचंच नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी तुमच्या केबिनमधला कॉम्प्युटर ठेवायचा. तो आधीच बिलिंगला जोडलेला आहे, आणि तुम्ही घरी असता तेव्हा त्याच्यासमोर कुणी नसतं. तुम्ही घरून त्याच्यावर बसाल, तो रिसेप्शनच्या डेटाबेसशी क्लिनिकच्या आतल्या तारेवरूनच बोलेल, आणि घरापर्यंत फक्त पडद्याचं चित्र येईल. हा फरक मोठा आहे. काही जण बिलिंगचं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर टाकून तिथून क्लिनिकचा डेटाबेस उघडतात. एका रिपोर्टसाठी असं सॉफ्टवेअर शेकडो वेळा विचारणा करतं. क्लिनिकच्या आत ते जाणवत नाही, घरून मात्र प्रत्येक फेरीला वेळ लागतो आणि रिपोर्ट रेंगाळतो. डेटाबेस जुन्या पद्धतीचा, म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल असा असेल, तर मध्येच नेट तुटल्यावर ती फाइल खराबही होऊ शकते. चित्र येत असताना नेट तुटलं तर काहीच बिघडत नाही. पुन्हा जोडलं की तुमचं काम होतं तिथेच असतं.

केबिनच्या कॉम्प्युटरसाठी दोन अटी आहेत. रिमोट डेस्कटॉपने आत येऊ द्यायला विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही. आणि विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा बाहेरून जोडल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरवर मी 11 च मागेन. मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर 11 अधिकृतपणे चालत नाही. तुमच्या केबिनमधलं मशीन त्याहून जुनं असेल तर तिथे दुसरं घ्यावं लागेल. हे वापरलेलं चालेल, जेल रोडवरच्या दुकानांत बघता येईल, पण टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप असल्याची खात्री करूनच.

आता घर ते केबिन हा रस्ता. तुमच्या रिसेप्शनच्या ताईंकडून मी फोनवर राउटरच्या पानावरचा पत्ता वाचून घेतला; तो 100.71 ने सुरू होतो. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांमध्ये मिळून एक खरा पत्ता वाटताना वापरते. म्हणजे बाहेरच्या जगाला तुमचा राउटर स्वतंत्रपणे दिसतच नाही, आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी पोर्ट उघडलं असतं तरी ते चाललंच नसतं. मग त्यांनी तुम्हाला स्थिर, म्हणजे फक्त तुमचा आणि कायम तोच राहणारा, पत्ता घ्यायला लावला असता आणि धोका तुम्ही पैसे देऊन विकत घेतला असता.

या स्थितीत मी टेलस्केल वापरेन. निवडक कॉम्प्युटरांचं एक खाजगी वर्तुळ बांधून देणारं हे सॉफ्टवेअर आहे, आणि ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीवर उभं आहे. तुमचा लॅपटॉप, मुनीमजींचा लॅपटॉप आणि केबिनचा कॉम्प्युटर या तिघांवर ते टाकायचं. तिघंही स्वतःहून बाहेरच्या दिशेने जोडणी करतात, म्हणून राउटरमध्ये काहीही उघडावं लागत नाही. तिघांना आपापला एक खाजगी पत्ता मिळतो, तोही 100 नेच सुरू होणारा, आणि त्यांच्यातला मजकूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असतो. थेट रस्ता न मिळाल्यास तो कंपनीच्या मधल्या सर्व्हरवरून जातो, पण तिथे तो वाचता येत नाही. कोणती उपकरणं या वर्तुळात आहेत ही यादी मात्र त्या कंपनीकडे असते. ते तुम्हाला मान्य नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे स्थिर पत्ता घेऊन क्लिनिकच्या राउटरवर स्वतःचं वायरगार्ड बसवणं. त्याला किल्ली नसलेल्या कुणी हाक मारली तर ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्यांना तिथे काही आहे हेही कळत नाही. तेही उत्तम आहे, फक्त राउटर त्या दर्जाचा लागतो आणि त्याची अपडेट्स कुणीतरी नेमाने करावी लागतात. तुमच्याकडे ते करणारं कुणी नाही, म्हणून मी पहिला मार्ग सुचवतो.

हे वर्तुळ ज्या खात्यावर उभं राहील ते खातं तुमच्या नावाचं हवं, माझ्या नाही. हे मी प्रत्येक ठिकाणी हट्टाने करतो. विक्रेत्याच्या खात्यावर सगळ्या क्लिनिकांची जोडणी असली की विक्रेत्याचं एक खातं फुटल्यावर सगळी क्लिनिकं उघडी पडतात, आणि विक्रेता बदलायचा म्हटलं तर किल्ल्या त्याच्या खिशात. खात्याला दुहेरी पडताळणी लावायची, आणि त्याचे आणीबाणीचे कोड कागदावर लिहून तिजोरीत ठेवायचे.

बसवताना दोन गोष्टी राहून जातात. एक, सुरुवातीला त्या वर्तुळातलं प्रत्येक उपकरण दुसऱ्या प्रत्येकाशी बोलू शकतं. मुनीमजींच्या लॅपटॉपला फक्त केबिनच्या कॉम्प्युटरचं 3389 मिळावं आणि तुमचा घरचा लॅपटॉप दिसूही नये, असा नियम लिहावा लागतो. दोन, उपकरणाची किल्ली मुळात 180 दिवसांनी संपते. लॅपटॉपसाठी हे चांगलंच आहे, पुन्हा ओळख पटवावी लागते. पण केबिनच्या कॉम्प्युटरसाठी ती मुदत बंद करायची, नाहीतर एखाद्या रात्री काहीच न बिघडता जोडणी नाहीशी होते आणि सगळे राउटर बंद-चालू करत बसतात.

त्यानंतर केबिनच्या कॉम्प्युटरवरच सांगायचं की रिमोट डेस्कटॉप फक्त या वर्तुळातूनच स्वीकार. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडून ही एक ओळ:

```powershell
Get-NetFirewallRule -DisplayGroup "Remote Desktop" | Set-NetFirewallRule -RemoteAddress 100.64.0.0/10
```

यामुळे क्लिनिकच्या वायफायवर कुणी पाहुणा किंवा एखादा बाधित फोन आला तरी त्याला केबिनच्या कॉम्प्युटरचं लॉगिन मिळत नाही. पेशंटना दिलेलं वायफाय वेगळं आहे ना, तेही मी पाहीन. आणि राउटरमधलं यूपीएनपी बंद करेन, कारण ते चालू असलं की एखादं उपकरण, बहुधा कॅमेऱ्याचा डीव्हीआर, तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतं.

विंडोजची खाती तुमची वेगळी, मुनीमजींची वेगळी, आणि दोन्ही साधी. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं बाहेरून वापरायचंच नाही. टेलस्केलची किल्ली लॅपटॉपमध्येच असते, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तर पहिला दरवाजा चोराच्या हातात जातो. म्हणून रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड लॅपटॉपवर जतन करायचा नाही, आणि दोन्ही लॅपटॉपच्या डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावायचं. लॅपटॉप हरवलाच तर आधी तुमच्या खात्यात जाऊन ते उपकरण काढून टाका, मग पोलिसांत जा. मुनीमजी बदलले तरीही हेच पहिलं काम.

रिमोट डेस्कटॉपमध्ये घरच्या लॅपटॉपची डिस्क तिकडे जोडून घेण्याची सोय असते. ती मी बंद ठेवेन. मुनीमजींच्या घरी त्याच लॅपटॉपवर मुलं काय काय उतरवत असतील ते आपल्या हातात नाही, आणि तिकडची बाधित फाइल केबिनमध्ये यायला हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. मुनीमजी कुरकुर करतील, कारण त्यांना एक्सेल उतरवून घ्यायची सवय असेल. त्यांना लागणारे रिपोर्ट केबिनच्याच कॉम्प्युटरवर उघडून काम करता येतं. काही बाहेर न्यायचंच असेल तर पेशंटचं नाव आणि फोन नसलेला, फक्त तारीख, बिल क्रमांक आणि रकमेचा रिपोर्ट त्यांना द्यावा. हिशेबाला तेवढं पुरतं.

याच मुद्द्यावर बिलिंग सॉफ्टवेअरच्या आतली परवानगी येते, आणि ती नेटवर्कइतकीच महत्त्वाची आहे. बाहेरून कितीही नीट रस्ता बांधला, पण आत सगळे एकाच `admin` खात्याने शिरत असतील, तर गेल्या महिन्याचं बिल कुणी रद्द केलं हे कधीच कळणार नाही. मुनीमजींच्या खात्याला पाहणं आणि छापणं एवढंच हवं. बिल बदलणं, रद्द करणं, सवलत देणं यांपैकी काही नाही.

बसवून झाल्यावर तपासणी तुमच्यासमोर करू. लॅपटॉप क्लिनिकच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या नेटवर घ्यायचा, टेलस्केल बंद करायचं, आणि `google.com` वर `what is my ip` विचारून आधी टिपून ठेवलेल्या क्लिनिकच्या बाहेरच्या पत्त्यावर हे चालवायचं:

```powershell
Test-NetConnection -ComputerName पत्ता -Port 3389
```

शेवटच्या ओळीत `TcpTestSucceeded : False` यायला हवं. मग टेलस्केल चालू करून केबिनच्या खाजगी पत्त्यावर हीच आज्ञा दिली की `True`. दोन्ही उत्तरं अशीच आली तरच काम झालं असं समजायचं. नुसतं घरून बिल दिसलं हा पुरावा नाही. पोर्ट उघडं असतानाही ते दिसतंच.

पुढे महिन्यातून एकदा लॉग पाहायचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये Applications and Services Logs, Microsoft, Windows, TerminalServices-LocalSessionManager, Operational इथे 21 म्हणजे नवं लॉगिन आणि 25 म्हणजे तुटलेलं पुन्हा जोडलं. प्रत्येकात खात्याचं नाव आणि कुठून आलं तो पत्ता असतो. समोर बसून केलेल्या लॉगिनला तिथे `LOCAL` असतं, बाकी सगळं 100 ने सुरू व्हायला हवं. तिसरं काही दिसलं, किंवा मुनीमजी झोपलेले असतात त्या वेळची त्यांची नोंद दिसली, तर नेटची तार काढा आणि मला फोन करा. कॉम्प्युटर बंद किंवा फॉरमॅट करू नका; आत काय झालं याचा माग त्याच्यावरच असतो. घुसखोरी खरी निघाली तर ती 6 तासांच्या आत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते, 28 एप्रिल 2022 च्या त्यांच्या निर्देशांनुसार. त्याच निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलं आहे. विंडोजचा Security लॉग मुळात फक्त 20 एमबीचा असतो आणि भरला की जुनं पुसत जातो, म्हणून तो मी 1 जीबी करून देईन:

```
wevtutil sl Security /ms:1073741824
```

रात्री वीज गेली तर केबिनचा कॉम्प्युटर बंद पडेल आणि घरून जोडणी लागणार नाही. त्यासाठी बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो असं ठेवायचं आणि झोपेची सेटिंग बंद करायची. राउटरला छोटा यूपीएस द्या, एवढं पुरे.

एक गोष्ट या सगळ्यातून साधत नाही, ती स्पष्ट सांगतो. रिसेप्शनवर कुणी ईमेलमधली नको ती फाइल उघडली तर हा बंदोबस्त उपयोगाचा नाही. तिथे वाचवतो तो बॅकअपच, आणि तोही कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरचा नाही. दोन डिस्क घ्या, एक जोडलेली आणि एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. त्यातला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून, त्यात कालचं बिल सापडतं का हे मी तुम्हाला बसवण्याच्या दिवशीच करून दाखवेन.

सॉफ्टवेअरवाल्यांना दुरुस्तीसाठी आत यावंच लागतं. त्यांना या वर्तुळात घेऊ नका. त्यांनी फोन करायचा, ताईंनी समोर बसून त्या वेळेपुरती पडदा दाखवण्याची परवानगी द्यायची, काम संपलं की बंद. आणि तो फोनही आपणच त्यांच्या बिलावरच्या नंबरवर लावायचा; आलेल्या फोनवर कोड सांगायचा नाही. पडदा दाखवणारं असं साधन उतरवायला लावून बँकेची खाती रिकामी केल्याच्या तक्रारींवरून रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं.

रविवारी काउंटर बंद असेल तेव्हा मी येतो. अर्धा दिवस लागेल. त्याआधी सॉफ्टवेअरवाल्यांकडून दोन गोष्टी लेखी मागवून ठेवा. `sa` चा पासवर्ड बदलल्यावर त्यांचं सॉफ्टवेअर चालत राहील ना, आणि नवा पासवर्ड कुठे भरायचा. दुसरं, फक्त रिपोर्ट पाहणारं खातं त्यांच्याकडे करता येतं का. पहिल्याला ते नाही म्हणाले तर मला आधीच कळवा, म्हणजे रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर 1433 फक्त केबिन आणि औषधांच्या काउंटरच्या पत्त्यांपुरतं बांधून ठेवण्याची तयारी मी करून येईन.